सातवी बादली

१९७२ च्या दुष्काळात आम्ही बार्शीच्या या वसतिगृहात नववीत होतो. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या तुकडीने दहा मिनिटांची एक श्रुतिका सादर केली. स्मरणिकेच्या निमित्ताने ती कशी घडली, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

वसतिगृहामागच्या विहिरीवर मध्यरात्री रहाट वाजतो, अशी कुजबुज तेव्हा सर्वत्र होती. साहजिकच आमच्या पहिल्या खर्ड्यात पांढऱ्या लुगड्यातली बाई, किंकाळी आणि अट्टहास, असे सर्व काही होते. गुरुजींनी वाचून एवढेच विचारले, "पाणी कोण काढतं, ते तुम्ही पाहिलंत का?" आम्ही दोन रात्री जागलो आणि पाहिले. मग तो खर्डा फाडून टाकला.

नव्या संहितेसाठी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे आवाज, उजवीकडे संवाद. डावी बाजू भरत गेली, उजवी जवळजवळ रिकामी राहिली. कथा अशी : तापाने फणफणलेला एक मुलगा एकटाच खोलीत निजला आहे. कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी दूर विरते. मग रहाट कुरकुरतो. मुलगा भीतीने बादल्या मोजतो. सात होतात आणि सारे शांत होते. दुसऱ्या रात्रीही सातच. तिसऱ्या रात्री सहा बादल्यांनंतर रहाट थांबतो.

दोन रात्री सात मोजून दाखविल्या नसत्या, तर तिसऱ्या रात्रीच्या सहांना काहीच अर्थ उरला नसता. श्रोत्याला आधी नियम शिकवावा लागतो. तो शिकला, की मोजणी त्याच्याच मनात सुरू होते आणि न वाजलेली बादली त्याला ऐकू येते.

पडदा बंद, दिवे मालवलेले आणि भाड्याने आणलेला एकच ध्वनिक्षेपक, एवढीच आमची सामग्री. अंतर दाखविण्याचा उपाय आम्हांला तालमीत सापडला. गंजलेली कप्पी ध्वनिक्षेपकापासून दहा हात दूर फिरवली, की विहीर परसात जाई. मुलाचा श्वास वीतभर अंतरावरून घेतला, की तो श्रोत्याच्या कानाशी येई. ओल्या पोत्यावर टाकलेली अनवाणी पावले हुबेहूब ओल्या फरशीवरची वाटत.

एक चूक मात्र मोठी झाली. सहाव्या बादलीनंतर आम्ही जोरात परात आपटली. तालमीला बसलेली मुले दचकली खरी, पण लगेच हसली. हसण्याबरोबर भीती निघून गेली आणि पुढचे कोणी ऐकेना. म्हणून परात काढली आणि तिथे शांतता ठेवली. तीन अंक मोजेपर्यंत थांबलो, तर ती कोणाच्या लक्षातच येईना. बारापर्यंत थांबलो, तर खोकले सुरू होत. सात अंकांवर सभागृहाने श्वास रोखलेला कळे. त्यानंतर सातवी बादली वाजे, पण विहिरीवर नव्हे. खोलीच्या दाराशी, अगदी ध्वनिक्षेपकाजवळ, भरलेली बादली अलगद टेकल्याचा आवाज. श्रुतिकेतला भीतीचा क्षण तेवढा एकच होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी १९४२ सालचा 'कॅट पीपल' हा इंग्रजी चित्रपट पाहताना आम्हांला ती बादली आठवली. त्यात रात्री एकटी चालणारी स्त्री मागची पावले ऐकते. ती पावले थांबतात आणि अचानक जो फुत्कार येतो, तो निव्वळ येऊन थांबलेल्या बसचा असतो. दचकविणारी वस्तू तिथेही रोजच्या व्यवहारातलीच आहे.

दारातून शब्द येत, "झोपला नाहीस होय रे बाळा? घे, घोटभर पाणी पी." तो आवाज स्वयंपाकघरातल्या मावशीचा. दिवसभरच्या उपशाने विहीर तळाला जाई. रात्री झरे पाझरून जे थोडे पाणी साचे, ते मावशी पहाटेच्या भाकरीसाठी काढून ठेवीत. कोणाची झोप मोडू नये म्हणून कंदीलही लावीत नसत. उलगडा उपरा वाटू नये, म्हणून त्याच्या खुणा आधीच पेरल्या होत्या : सकाळच्या संवादात दाराशी उमटलेली ओली पावले आणि वाढताना दिसलेली, हाताला बांधलेली चिंधी. ऐकताना त्या कोणाला खटकल्या नाहीत, शेवटी मात्र सर्वांना आठवल्या.

आमच्या मनात एक धास्ती होती. खऱ्या मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि भुताची ती कुजबुज मुळात आम्हीच पसरवली होती. दिवे लागले तेव्हा टाळ्या उशिरा आल्या. सगळ्यांच्या माना मागे वळल्या होत्या. मावशींनी पदराआड हात झाकून घेतले.

रात्री वाढताना त्या एवढेच म्हणाल्या, "सात नव्हं रे पोरांनो, आठ असत्यात. एक गोठ्यातल्या गाईला."

आमची मोजणी चुकली होती. पण संहितेत आम्ही ती बदलली नाही. त्या रात्रीपासून दोघे-दोघे पाळीने रहाटावर जाऊ लागलो, तेव्हा आठवी बादली आमच्या हाती आली.