रविवारी तुम्हाला ११.३० का आणि शेजाऱ्याला ४ का?

येत्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये जमीन-महसुलाच्या कामांसाठी एकेकाची स्वतंत्र भेट ठेवली आहे. निवृत्त नायब तहसीलदार साहेब दिवसभर बसणार, एका वेळी एकच माणूस (फार तर घरचा एक सोबत), दार बंद, फी नाही. यादी काल लागली आणि फोन सुरू झाले. "माझं नाव आधी दिलं होतं, मग मला दुपार का?" "यादीत नावं का नाहीत, नुसते नंबर कशाला?" "सगळ्यांना दहाला बोलवा ना, बसतील लोक." प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा यादी कशी बनली ते इथेच लिहितो. उद्या तुमच्या गावात, मंडळात असा दिवस लावायचा झाला तर उपयोगी पडेल.

आधी "सगळ्यांना दहाला बोलवा" याबद्दल. सरकारी कचेरीत आपण हेच भोगतो. साहेबांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून तीस माणसांचा दिवस वाया घालवायचा. वाडीवरून येणारी म्हातारी पहिल्या एसटीने येते, चारपर्यंत ओट्यावर बसते आणि नंबर लागेपर्यंत शेवटची गाडी निघून जाते. वेळ वाटून द्यायची ती यासाठी.

रविवारसाठी ३६ नोंदी आल्या. सकाळी १० ते १ आणि दुपारी २ ते ५, म्हणजे हातात सहा तास, ३६० मिनिटं. भागाकार केला की दर माणशी १० मिनिटं, हिशेब चोख. फक्त तो चालत नाही. मागच्या वेळी आमच्या एका पोराने वहीत प्रत्येक भेटीची सुरुवात आणि शेवट लिहून ठेवला होता. बहुतेक भेटी ८ ते १२ मिनिटांत उरकल्या, पण पाचातली एखादी २०-२५ मिनिटांवर गेली. सरासरी काढली तर १५च्या आतच येते. मग सगळ्यांना १५-१५ मिनिटं दिली की झालं? नाही, तिथेच गंमत आहे.

समजा ओळीने पाच माणसं आहेत आणि त्यांना प्रत्यक्षात १०, १२, २५, ९ आणि २० मिनिटं लागली. बेरीज ७६. आपण दिलेला वेळ ७५, म्हणजे एकाच मिनिटाचा फरक. पण दिवस तसा चालत नाही. पहिला १० मिनिटांत उठला, दुसरा त्याच्या वेळेवर १५व्या मिनिटाला आला. मधली पाच मिनिटं साहेब रिकामे. दुसरा २७व्या मिनिटाला उठला, तिसरा ३०व्याला आला. आणखी तीन मिनिटं गेली. तिसऱ्याने २५ घेतली, तो ५५ला बाहेर पडला. चौथ्याची वेळ ४५ची होती, तो दहा मिनिटं ताटकळला. पाचवा आत गेला ६४व्या मिनिटाला आणि सुटला ८४व्या मिनिटाला. काम ७६ मिनिटांचंच होतं, पण घड्याळ ८४ दाखवतं, कारण आधी वाचलेली आठ मिनिटं डब्यात भरून ठेवता येत नाहीत. वाचलेला वेळ उडून जातो आणि झालेला उशीर मात्र पुढच्याच्या बोकांडी बसतो. म्हणून सकाळी पाच मिनिटांनी हललेली यादी दुपारी तासाभराने मागे पडते.

यावर आमचा उपाय साधा आहे. तासात १५-१५ मिनिटांच्या तीनच भेटी, चौथा पाव तास मोकळा. त्या पाव तासात कुणालाही नाव द्यायचं नाही, आमदारांचा फोन आला तरी नाही. उशीर झालेला असेल तर तिथे भरून निघतो, नसेल तर साहेब चहा घेतात. आणि ज्याचं काम लांबणार हे आधीच दिसतंय, वाटपाचा वाद, जुने फेरफार, चार वारस, त्याला तासातला तिसरा नंबर द्यायचा, म्हणजे लांबलं तरी मोकळ्या पाव तासातच लांबतं.

सकाळच्या पहिल्या वेळेला एकच अपवाद आहे. नंबर १ आणि २ दोघांनाही दहाला बोलावलंय. दोघेही गावातलेच आहेत आणि दोघांना तसं सांगितलंय. पहिला माणूस आला नाही तर दिवसाची सुरुवातच रिकामी जाऊ नये, एवढ्यासाठी. ही युक्ती माझी नाही. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या रांगांचा अभ्यास करून बेली आणि वेल्च या दोघांनी १९५२ साली ती मांडली. त्यांचं म्हणणं असं, की सुरुवातीला दोघांना बोलवा आणि पुढे ठरलेल्या अंतराने एकेकाला. मोजून पाहिलंत तर दुसऱ्याला फार तर पाव तास थांबावं लागतं.

आता सहा तासांत तीन-तीन म्हणजे १८ भेटी. नोंदी ३६. उरलेल्या १८ जणांचं काय?

त्यासाठी नोंदणीच्या वेळी प्रत्येकाला फोनवर तीन प्रश्न विचारले. काम काय, हातात कोणते कागद आहेत आणि एखाद्या आदेशाची किंवा नोटिशीची तारीख आहे का. यातून कळलं की ११ जणांना साहेबांची गरजच नाही. कुणाला सातबारा आणि आठ-अ चा उतारा हवाय, कुणाला वारस नोंदीचा ऑनलाइन अर्ज भरायचाय. ते बाहेरच्या टेबलावर दोन पोरं करून देतील, त्यासाठी दिवसभरात कधीही या. चार नोंदी प्रत्यक्षात दोनच घरांच्या होत्या, भावाने वेगळी आणि बहिणीने वेगळी दिलेली. दोन्ही घरांना विचारून त्या एक केल्या. राहिले २३. त्यातल्या पाच जणांना पुढचा रविवार दिलाय, पण "बघू, कळवू" म्हणून नाही. तारीख आणि वेळ आजच हातात दिली आहे.

पाच कुणी थांबायचं, हा खरा कळीचा मुद्दा. ज्याने आधी नोंद केली तो आधी, हा नियम दिसायला सरळ आहे. पण एका ताईंची नोंद ३१वी होती. वडिलांच्या मागे फेरफार झाला, त्यात भावांची नावं लागली आणि यांचं राहिलं. फेरफार मंजूर झाल्याची तारीख त्यांनी फोनवर सांगितली तेव्हा आम्ही कॅलेंडर काढलं. येत्या रविवारी ५५वा दिवस भरतो. अशा आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करायला जमीन महसूल संहितेत ६० दिवस आहेत. नोंदणीच्या क्रमाने त्यांना पुढचा रविवार मिळाला असता, म्हणजे ६२वा दिवस. मुदत गेल्यावरही सबळ कारण दाखवून अर्ज करता येतो, पण मग आधी उशीर का झाला यावरच भांडावं लागतं, हक्काची गोष्ट नंतर. म्हणून त्यांना सकाळची वेळ दिली आणि सोबत आदेशाची नक्कल आणायला सांगितली. ज्यांच्या डोक्यावर मुदत नाही, ज्यांचं काम सात दिवसांनी झालं तरी बिघडत नाही, असे पाच जण पुढे सरकवले. रांगेपेक्षा मुदत मोठी, एवढंच तत्त्व.

बाकीच्या वेळा एसटी पाहून लावल्या आहेत. लांबच्या वाड्यांना ११ ते ३ च्या मधली वेळ, म्हणजे येतानाची गाडी मिळते आणि परतीचीही. गावातल्यांना सकाळी लवकर आणि शेवटी. शेजाऱ्याला ४ आणि तुम्हाला ११.३० मिळाली असेल तर त्यामागे हे आहे, ओळख-पाळख नाही.

आता नावांचं. भिंतीवरच्या यादीत आणि गावाच्या ग्रुपवर फक्त नंबर आणि वेळ आहे. नाव नाही, काम तर नाहीच. कारण "वाटप वाद, ११.३०" असं नावानिशी लिहिलं की साडेअकराला हॉलच्या बाहेर कोण उभं राहील हे तुम्हीही जाणता. एखादी विधवा बाई सासरच्या हिश्श्याबद्दल विचारायला येते, ती यादी दीर वाचतो आणि बाई येतच नाही. रविवारच्या यादीत एकाच बांधावरचे दोन पक्षही असू शकतात. तसं असेल तर त्यांच्या वेळा दिवसाच्या दोन टोकांना असतात. साहेब तिथे कायदा आणि कागद समजावतील, कुणाची बाजू घेणार नाहीत. हे नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला सांगितलंय.

प्रत्येकाला वेगळा निरोप गेला आहे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना तोंडी सांगून, वेळ परत वदवून घेतली. निरोप असा आहे:

"तुमचा नंबर ७. वेळ दुपारी १२.०० ते १२.१५. ११.५० ला येऊन बसा. सोबत आणा: सातबारा, आठ-अ, मृत्यू दाखला, आलेली नोटीस. येणार असाल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत हो कळवा."

यात सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहिलंय, मुद्दाम. नुसतं "१२ ला या" म्हटलं की माणूस बारापासून पुढचा सगळा वेळ आपलाच धरतो. शुक्रवारपर्यंत होकार आला नाही तर एक फोन करू. तरी पत्ता नाही लागला तर ती वेळ पुढच्या रविवारच्या पाचांपैकी जवळच्याला जाईल.

दहा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर? भेट रद्द नाही. पण तुमच्यामुळे पुढचा मागे सरकणार नाही. त्या तासाच्या मोकळ्या वेळात बसवू, तीही भरली असेल तर पाचनंतर. दारावर पाटी असेल, "आत नंबर ७". ती पाटी पाहिली की किती उशीर चाललाय ते कुणाला विचारावं लागत नाही.

आणि १२ मिनिटं झाली की आमचा पोरगा दारावर टकटक करेल. तो हाकलत नाहीये. उरलेल्या तीन मिनिटांत साहेब एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून देतात: कोणता अर्ज, कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेच्या आत. चिठ्ठी न घेता बाहेर पडू नका. बोलणं घरी जाईपर्यंत अर्धं विसरतं, तारीख विसरून चालत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहे. पाव तासात खटला सुटत नाही, साहेब वकीलपत्र घेत नाहीत आणि ज्याला चार पिढ्यांची वंशावळ उलगडायची आहे त्याला वेगळा दिवसच लागेल. अशांनी रविवारी बाहेरच्या टेबलावर सांगून ठेवा, वेळ ठरवू.

कुणाला दिलेली वेळ खरंच अडचणीची असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. आपापसात नंबर बदलू नका, मागे कागदांची फाइल त्या नंबरनेच लावलेली असते. बाकी रविवारी भेटू, आपापल्या वेळेला.