तीन बाय वीसची पेटी

पाच सारखे चौरस कडेला कड लावून जोडले, की बरोबर बारा वेगवेगळे आकार होतात. फिरवलेला किंवा उलटा केलेला तुकडा वेगळा धरायचा नाही. सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५३ मध्ये हार्वर्डच्या गणित मंडळातल्या भाषणात त्यांना पेंटोमिनो म्हटलं. तुकड्यांची नावं इंग्रजी अक्षरांच्या आकारांवरून पडली: एक्स म्हणजे अधिक चिन्ह, आय म्हणजे सरळ पट्टी, यू म्हणजे वाटीसारखा, वगैरे. बारा पंचे साठ, त्यामुळे साठ घरांचा आयत भरता यावा ही अपेक्षा रास्तच. सहा बाय दहाचा आयत २३३९ प्रकारांनी भरतो. तीन बाय वीसचा फक्त दोन.

मी सिडकोतल्या एका सुताराकडून सागवानी तुकडे करून घेतले. चौरस पाऊण इंची, म्हणजे पेटी पंधरा इंच लांब आणि सव्वादोन इंच रुंद. बाबा निवृत्त होईपर्यंत वाळूजला टूलरूममध्ये होते, त्यांना मापात बसणाऱ्या वस्तूंचं वेड. तीन आठवडे ते जेवणानंतर ती पेटी घेऊन बसत. अकरा तुकडे बसायचे आणि बारावा हातात राहायचा. शेवटी म्हणाले, "कसं ते सांगू नकोस. होतं की नाही आणि किती प्रकारे, एवढंच सांग."

मी प्रोग्राम लिहिला आणि दोन हे उत्तर त्यांना दिलं. त्यांचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "तुझ्या मशीनला दोनच सापडले. तिसरा नाहीच, हे कशावरून?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी प्रश्नाची मांडणी. एक मोठा तक्ता घ्या. त्यात ७२ कॉलम: साठ घरांचे साठ आणि बारा तुकड्यांचे बारा. एखादा तुकडा एका विशिष्ट जागी, विशिष्ट दिशेने ठेवणं म्हणजे तक्त्यातली एक रो. तिच्यात सहा एक असतात, पाच घरांचे आणि एक तुकड्याचा. बाकी शून्य. आता अशा रो निवडायच्या, की प्रत्येक कॉलममध्ये बरोबर एकच एक येईल. कमी नाही, जास्त नाही. यालाच एक्झॅक्ट कव्हर म्हणतात. भूमिती इथे संपते, पुढे फक्त शून्य आणि एक.

रो किती, हे हातानं मोजता येतं. एक्स तीन घरं उंच, त्यामुळे तो फक्त डावी-उजवीकडे सरकतो: १८ जागा. आय उभा राहूच शकत नाही. आडवा ठेवला तर तीन ओळी गुणिले सोळा, ४८. सगळ्यांची बेरीज १२३६. हा आकडा आला नाही तर पुढे जाऊ नका, दिशा तयार करणाऱ्या कोडमध्ये काहीतरी राहिलंय.

आता शोध. डोनाल्ड क्नुथ यांची पद्धत अशी: ज्या कॉलममध्ये सगळ्यात कमी रो उरल्या आहेत तो घ्या, त्यातली एकेक रो निवडून पाहा. निवडलेल्या रोचे सहाही कॉलम आणि त्यांच्याशी भांडणाऱ्या सगळ्या रो तक्त्यातून काढा, आणि उरलेल्या तक्त्यावर तेच पुन्हा करा. एखाद्या कॉलमची संख्या शून्य झाली, की मागे फिरा.

आमच्या पेटीत कोपऱ्याच्या घरात २९ रो आहेत आणि एक्सच्या कॉलममध्ये १८. सुरुवात एक्सपासून होते. एक्सचा मध्य दुसऱ्या उभ्या रांगेत ठेवला, तर डावीकडचे दोन्ही कोपरे एकटे पडतात. त्यांच्या कॉलमची संख्या २९ वरून थेट शून्य, शाखा तिथेच बंद. मध्य तिसऱ्या रांगेत नेला, तर डावीकडे पाच घरं उरतात, आणि त्यांचा आकार हुबेहूब यू. कोपऱ्यात एकच रो शिल्लक, म्हणजे निवड करायचा प्रश्नच नाही.

मध्य चौथ्या रांगेत गेला की गंमत होते. एक्स तिन्ही ओळी अडवतो, त्याच्या डावीकडे आठ घरं कोंडली जातात. बाबांनी हे पेटीकडे नुसतं बघून सांगितलं: "आठाला पाचानं भाग जात नाही, कशाला ठेवून बघायचं?" अल्गोरिदमला भागाकार माहीत नाही. तो बिचारा तिथेही तुकडे लावून, हरून परत येतो. बाबांच्या नियमानं मी डाव्या अर्ध्या भागातल्या नऊही जागा तपासल्या. तिसरी आणि आठवी रांग सोडून सगळ्या बाद होतात. आठवीत डावीकडे वीस घरं येतात, भाग जातो, आणि तरीही जमत नाही. ते मात्र शोधूनच कळतं.

मागे फिरणं स्वस्त कसं करायचं, ही या पद्धतीची खरी खुबी. तक्त्यातला प्रत्येक एक म्हणजे चारही बाजूंना पॉइंटर असलेला नोड. नोड काढायचा असा:

```c
L[R[x]] = L[x];
R[L[x]] = R[x];
```

शेजाऱ्यांनी `x` ला विसरायचं, पण `x` स्वतः शेजारी विसरत नाही. म्हणून तो परत आणायला कुठलीही प्रत ठेवावी लागत नाही:

```c
L[R[x]] = x;
R[L[x]] = x;
```

ही कल्पना हितोत्सुमात्सु आणि नोशिता यांनी १९७९ मध्ये मांडली. क्नुथ यांनी २००० साली तिला डान्सिंग लिंक्स हे नाव देऊन ती सगळ्यांपुढे आणली.

अट एकच: काढलं त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं परत ठेवायचं. अ, ब, क, ड अशी यादी घ्या. आधी ब काढला, मग क. आता ब आधी परत ठेवला, तर अकडून पुढे चालताना अ, ब, क, ड असे चौघं दिसतात, क अजून बाहेर असूनही. डकडून मागे याल तर थेट अ. अशा अवस्थेत कोणी यादीवरून फिरलं तर संख्या बिघडतात, आणि प्रोग्राम कोसळत नाही, नुसती चुकीची उत्तरं देतो. तपासणी सोपी आहे. शोध संपल्यावर ७२ ही कॉलमची संख्या सुरुवातीइतकीच हवी: एक्स १८, कोपरा २९.

आणखी एक सापळा सममितीचा. सगळ्या १२३६ रो दिल्या, तर उत्तरं आठ येतात, कारण प्रत्येक उत्तर चार तऱ्हांनी दिसतं: मूळ, डावं-उजवं उलटं, वर-खाली उलटं, आणि दोन्ही. सहा बाय दहामध्ये एक्सला पाव भागात, आठ जागांत डांबलं की २३३९ थेट मिळतात. तीच युक्ती इथे वापरली, तर दोनऐवजी चार येतात. एक्स मधल्या ओळीभोवती सारखाच, त्याला वर-खाली कळत नाही. म्हणून एलला फक्त वरच्या दोन ओळींत ठेवायचं. त्याच्या १३६ पैकी ६८ रो जातात, एक्सच्या नऊ, आणि ११५९ रोंमधून बरोबर दोन उत्तरं येतात.

बाबांना मी हेच दाखवलं: रोंची संख्या हातानं मोजलेली, संपूर्ण तक्त्यातून आठ, सममिती काढून दोन, आणि शेवटी सगळ्या संख्या जागच्या जागी. "म्हणजे हिशेब जुळला," ते म्हणाले. टूलरूममध्ये गेज तपासून परत ठेवताना म्हणत असावेत, तसं.

आपापलं सोडवायचं असेल त्यांनी इथे थांबावं. डावीकडून क्रम असा: यू, एक्स, पी, आय, एल, एन, एफ, टी, डब्ल्यू, वाय, झेड, व्ही. यातले एलपासून झेडपर्यंतचे सात तुकडे मिळून एक ठोकळा होतो. तो तसाच उचलून अर्धा वळसा फिरवला की त्याच खाचेत पुन्हा बसतो, आणि दुसरं उत्तर तेच.