तिसऱ्या ओळीचं काम

दिवाळी अंकाच्या संपादकांकडे येणाऱ्या बहुतेक ‘रुबाया’ प्रत्यक्षात चारोळ्या असतात. चारोळीत दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळलं की भागतं. रुबाईत पहिली, दुसरी आणि चौथी ओळ जुळावी लागते, तिसरी मोकळी राहते आणि चारही ओळींचं वजन सारखं असतं. फार्सी रुबाईच्या ओळीत वीस मात्रा येतात. त्या चार-चार मात्रांच्या पाच गटांत बसतात, म्हणून मराठी कानाला ही चाल परकी वाटत नाही. छंदशास्त्र आणि फार्सी या दोन्हींवर हुकमत असलेल्या माधव जूलियनांनी १९२९ मध्ये उमर खय्यामच्या रुबाया मूळ फार्सीवरून मराठीत आणल्या. त्यालाही आता शतक होत आलं.

त्याच १९२९ साली आमच्या घाटात एक जुनी सोय बंद झाली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा खंडाळ्याजवळच्या उभ्या कड्यात रुळांना वळण घ्यायला जागा नव्हती. म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं पुढचा चढ चढायची. नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन मागे पडलं. लोणावळ्यात राहून काळावर रुबाई लिहायची, तर याहून नेमका विषय मला सापडला नाही. गाडीला दिशा बदलायला स्टेशन होतं, माणसाच्या वयाला ते नाही.

घाटात इथे गाडी फिरली मागे,
दरडीत निळी छाया शिरली मागे;
वय मात्र पुढे धावे, स्थानक नाही,
कानात जुनी शिट्टी विरली मागे.

मात्रा मोजून पाहा : घाटा, त इथे, गाडी, फिरली, मागे. प्रत्येक गटात चार. ‘शिट्टी’मधला ‘शि’ ऱ्हस्व असला तरी पुढच्या जोडाक्षरामुळे त्याच्या दोन मात्रा होतात. लघुगुरूंचा फार्सी क्रम मी पाळलेला नाही, फक्त मात्रा आणि गट पाळले आहेत.

‘मागे’ हा शब्द तिन्ही ठिकाणी तसाच राहतो, तो रदीफ. त्याच्या आधीचे फिरली, शिरली, विरली हे काफिये. चौथ्या ओळीसाठी सगळ्यात आधी सुचतो तो शब्द ‘उरली’. शिट्टी कानात उरली, असा अर्थही सरळ लागतो. पण फिरली-शिरलीमध्ये ‘र’च्या आधी ‘इ’ आहे, ‘उरली’त ‘उ’ येतो, आणि गझलेनं तयार झालेला मराठी कान तो फरक लगेच पकडतो. यमकासाठी ‘विरली’ घ्यावं लागलं आणि अर्थ अधिक खरा झाला : गेलेल्या काळाची आठवणही हळूहळू पुसट होत जाते. यमकानं अर्थ खेचून नेला की रुबाई बिघडते. इथे त्यानं अर्थाला पुढचं पाऊल टाकायला लावलं.

आता तिसरी ओळ. तिच्या जागी ‘वर्षांमागुन वर्षे जिरली मागे’ असं लिहिता आलं असतं. वजन बरोबर, यमकही जुळतं. जुन्या फार्सी रुबायांत चारही ओळी यमकात असलेल्या सापडतात, त्यामुळे हा नियमभंगही नव्हे. पण तीनदा एकच आवाज ऐकल्यावर कान चौथा आधीच ओळखतो आणि शेवटच्या ओळीचं बळ जातं. तिसरी ओळ म्हणजे रुबाईचं रिव्हर्सिंग स्टेशन. तिथे आवाज थांबतो, दिशा बदलते आणि चौथी ओळ यमकाकडे परतते ती नवा अर्थ घेऊन. पहिल्या दोन ओळींत दृश्य आहे. ‘वय मात्र’ म्हणताच आपण दृश्यातून माणसाकडे येतो.

चौथ्या ओळीचा नेहमीचा दोष म्हणजे तात्पर्य. ‘परतून कधी घटिका फिरली मागे?’ हीही वीस मात्रांची ओळ आहे. पण ‘फिरली’ काफिया पुन्हा आला, आणि ‘स्थानक नाही’ म्हटल्यावर जे सांगायचं उरलं नव्हतं, तेच तिनं पुन्हा विचारलं.

आपली रुबाई तपासताना तिसरी ओळ झाकून उरलेल्या तीन वाचा. अर्थ पुरा लागला, तर तिसरी ओळ भरतीची आहे. मग पहिल्या तीन ओळी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. त्यानं चौथी ओळ अर्थासकट सांगितली, तर ती बदला. या दोन्ही कसोट्यांना उतरलेल्या चार ओळींवरच ‘रुबाई’ असं लिहून त्या संपादकांकडे पाठवा.