ओळ आधी, अक्षर नंतर

वेबसाइटची अक्षरमांडणी ठरवताना बहुतेक जण मजकुराच्या आकारापासून सुरुवात करतात. मजकूर १६ पिक्सेलचा धरायचा, त्याला एका ठरावीक प्रमाणाने, म्हणजे १.२५ किंवा १.३३ने, गुणत जायचे, की उपमथळा, मथळा आणि मुख्य शीर्षक यांचे आकार मिळतात. ओळींमधले अंतर सर्वांत शेवटी, नजरेला बरे दिसेल तसे. रोमन लिपीत हा क्रम चालून जातो. मराठी मजकुरासाठी मात्र तो उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. आधी ओळीची उंची ठरवावी, मोकळ्या जागेची मापे तिच्यातून काढावीत आणि अक्षरांचे आकार त्यात बसवावेत.

कारण अक्षरांच्या घडणीतच आहे. रोमन अक्षराला वर आणि खाली जेमतेम एकेक मजला असतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी किंवा मात्रा, रफार आणि अनुस्वार एकाच वेळी येऊ शकतात, तर खाली उकार किंवा ऋकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे. ‘मूर्तींच्या’ या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर आहेत. ‘उद्धृत’मध्ये बऱ्याच फॉन्टांत द आणि ध एकाखाली एक येतात आणि त्यांच्याही खाली ऋकार लोंबतो. दोन ओळींच्या मथळ्यात वरच्या ओळीत ‘उद्धृत’ आणि नेमके त्याच्या खाली ‘मूर्तींच्या’ आले, तर ओळीच्या उंचीची खरी परीक्षा होते. बूटस्ट्रॅपसारख्या लोकप्रिय चौकटीत मथळ्यांसाठी ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट धरलेली असते. रोमनसाठी ती योग्यच आहे. देवनागरीत तेवढ्यात ऋकार आणि रफार एकमेकांना भिडतात. कार्डांवर मथळा दोन ओळींत कापून उरलेला भाग लपवतात, तिथे तर शेवटच्या ओळीतला उकार अर्धा छाटला जातो आणि ‘कु’चा ‘क’ वाचला जातो. ही केवळ दिसण्यातली उणीव नाही, शब्दच बदलतो.

एक उदाहरण मांडून पाहू. दीर्घ लेखांची मराठी वेबसाइट आहे असे धरा. मजकुराची ओळ ३२ पिक्सेल उंच ठेवली आणि तिच्या चौथ्या भागाला, म्हणजे ८ पिक्सेलला, एक पायरी मानले. आता ३२च्या ओळीत केवढे अक्षर मोकळेपणाने बसेल? १.६ पट उंची हवी असेल तर २०. इंग्रजी वेबसाइटच्या १६च्या तुलनेत हा आकडा मोठा वाटतो, पण बऱ्याच फॉन्टांत वरच्या-खालच्या चिन्हांना जागा देण्यासाठी देवनागरीचा मधला भाग, शिरोरेषेपासून पायथ्यापर्यंतचा, लहान ठेवलेला असतो. त्यामुळे २०चे देवनागरी अक्षर डोळ्याला २०चे भासत नाही. १.२५च्या प्रमाणाने पुढचे आकार २५, ३१ आणि ३९ येतात. त्यांच्या ओळी पायऱ्यांच्या पटीत ४०, ४८ आणि ५६ ठेवल्या, म्हणजे अक्षर मोठे होत जाते तशी सापेक्ष मोकळीक कमी होते, पण १.४च्या खाली जात नाही. तळटीपांसाठी १६चे अक्षर आणि २४ची ओळ. ही मापे पिक्सेलऐवजी rem मध्ये लिहावीत, म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये अक्षर मोठे करून ठेवले असेल तर सगळी उतरंड त्याच प्रमाणात वाढते.

```css
.lekh    { font-size: 1.25rem; line-height: 2rem; max-width: 30em; }
.lekh h2 { font-size: 1.5625rem; line-height: 2.5rem; margin: 3rem 0 0.5rem; }
```

यावर पहिला आक्षेप असा की, एवढ्या मोकळ्या ओळींचा मथळा विस्कटलेला दिसतो, दोन ओळी एकाच वाक्याच्या वाटत नाहीत. आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय ओळी आवळणे हा नाही, मथळ्याचा आकार आवरणे हा आहे. देवनागरीत उतरंड दाखवायची साधने मुळात थोडी. मोठी लिपी-छोटी लिपी नाही. तिरपे अक्षर आपल्या डोळ्यांच्या सवयीचे नाही. अक्षरांत अंतर वाढवावे तर शिरोरेषा तुटते. उरतात तीन गोष्टी: आकार, ठळकपणा आणि मोकळी जागा. म्हणूनच मी प्रमाण १.२५च्या वर नेत नाही आणि मथळ्याला वजन ठळकपणातून देतो. ३९चा ठळक मथळा आणि त्याच्यावर ६४ पिक्सेल मोकळी जागा असेल, तर वाचकाला शीर्षक शोधावे लागत नाही. दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: गणिताने डोळ्याचे काम होत नाही. अर्थातच होत नाही. ३१.२५चे मी ३१ केले ते डोळ्याच्याच भरवशावर. प्रमाणाचा उपयोग एवढाच की, पानावर २२, २३ आणि २४ असे तीन आकार विनाकारण शिरत नाहीत.

ओळीच्या लांबीबद्दल रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांचा ४५ ते ७५ अक्षरांचा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो रोमन अक्षरांचा आहे आणि मराठीत मोजायचे काय, इथेच तो अडतो. ‘राष्ट्र’ संगणकाला सात चिन्हे वाटतो, वाचकाला दोन अक्षरे. `ch` हे माप वापरून सुटका होत नाही, कारण ते रोमन शून्याच्या रुंदीवर चालते. मी शब्द मोजतो. ओळीत दहा-बारा शब्द आले की डोळा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न चुकता पोहोचतो. २०च्या अक्षराला ६०० पिक्सेलच्या आसपासची रुंदी त्यासाठी पुरते. मोबाइलवर सहा-सातच शब्द मावतात. त्यात आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, ‘महाराष्ट्राबाहेरच्यांसाठी’ हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. म्हणून मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नये. ताणला की शब्दांमध्ये भगदाडे पडतात.

मोकळ्या जागेच्या पायऱ्या ८, १६, २४, ३२, ४८ आणि ६४ एवढ्याच पुरतात, पण त्या वापरताना एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. ३२च्या ओळीत अक्षराचा मधला भाग साधारण १२ पिक्सेलचा, बाकी २० पिक्सेल त्याच्या वर-खाली विखुरलेले. दोन परिच्छेदांत १६ची जागा सोडली की डोळ्याला ती ३६ची दिसते. म्हणून मथळ्याखाली ८ पुरेसे होतात, वर मात्र ४८ लागतात. मथळा मागच्या परिच्छेदाचा नाही, पुढच्याचा आहे हे त्या फरकावरूनच कळते.

हे सगळे एका फॉन्टवर जुळवले आणि तो फॉन्ट वाचकापर्यंत पोहोचलाच नाही, तर? मंद नेटवर्कवर आधी यंत्रातला फॉन्ट दिसतो: विंडोजवर निर्मला, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. प्रत्येकाची अंगभूत उंची वेगळी. ओळीची उंची आपण आकड्यात बांधली नसेल, तर फॉन्ट बदलताच अख्खे पान वर-खाली सरकते. बांधली असेल तर ओळींची उंची तीच राहते, बदलतात ती फक्त अक्षरे आणि त्यांची रुंदी. म्हणून शेवटची तपासणी आपला फॉन्ट बंद करून करावी. ‘उद्धृत’ आणि ‘मूर्तींच्या’ एकाखाली एक येतील असा मथळा घ्यावा, तो सर्वांत अरुंद पडद्यावर आणि अक्षर दुप्पट मोठे करून पाहावा. चिन्हे भिडली तर ओळीला आणखी एक पायरी द्यावी, आणि त्या पायरीप्रमाणे खालचे सगळे आकडे पुन्हा मांडावेत.