पद्मिनीच्या हेडमधली जागा : कॉम्प्रेशन रेशो कसा काढायचा

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे संपीडन गुणोत्तर. मोटार मेकॅनिकच्या परीक्षेत याचं गणित हमखास येतं, आणि सूत्र पाठ असूनही बरेच जण ते चुकवतात. आज मी ते एका खऱ्या गाडीवर सोडवून दाखवतो. गाडी आमच्या गोवंडीतल्या एका शेजाऱ्यांची काळी-पिवळी टॅक्सी, प्रीमियर पद्मिनी. या गाड्या इथून जवळच, कुर्ल्याच्या कारखान्यात बनत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघून गेली. ही गोष्ट त्याच्या काही वर्षं आधीची.

काकांची तक्रार अशी होती : "सर, सीएनजीवर मांजरासारखी चालते हो. पेट्रोलवर टाकली आणि पुलाचा चढ आला की आतून कोणी खडे वाजवल्यासारखं टकटक टकटक." दोन गॅरेजवाल्यांनी टॅपेट सेट करून दिले होते, पैसे घेतले होते, आवाज तसाच. तिसरा म्हणाला इंजिन बांधावं लागेल. टॅक्सीवाल्याच्या घरात हा खर्च म्हणजे काय, ते गोवंडीत राहणाऱ्याला सांगायला नको.

खरी खूण काकांनी स्वतःच सांगितली होती. टॅपेट ढिले असतील तर ते इंधन बघून वाजत नाहीत, सीएनजीवरही वाजणारच. ज्या आवाजाला पेट्रोल आणि गॅस यातला फरक कळतो, तो ज्वलनाचा आवाज. पेट्रोलचं मिश्रण फार दाबलं गेलं की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. सीएनजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, म्हणून तो तेवढाच दाब निमूट सहन करतो. चौकशी केल्यावर कळलं की हेड दोनदा गरम होऊन वाकलं होतं आणि दोन्ही वेळा मशीनवर प्लेन करून घेतलं होतं. प्रत्येक वेळी थोडं थोडं ॲल्युमिनियम गेलं आणि वरची जागा लहान झाली.

ती किती लहान झाली, हे मोजायचं होतं. आता गणिताकडे वळूया.

पिस्टन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा झाडून काढतो, ते स्वेप्ट व्हॉल्यूम. पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर जी जागा उरते, ते ज्वलन कक्षाचं म्हणजे कम्बशन चेंबरचं आकारमान. पिस्टन खाली असताना मिश्रणाला या दोन्ही जागा मिळतात, वर असताना फक्त दुसरी. म्हणून :

```
CR = (Vs + Vc) / Vc
```

पद्मिनीचा बोअर ६८ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी. सेंटिमीटरमध्ये घ्या, म्हणजे उत्तर सरळ सीसीमध्ये येतं :

```
Vs = 0.7854 × 6.8 × 6.8 × 7.5 = 272.4 cc
```

चार सिलिंडर, म्हणून गाडीच्या कागदावर १०८९ सीसी. आणि इथेच निम्मा वर्ग घसरतो! कागदावरचे १०८९ तसेच सूत्रात घालतात आणि चेंबर मात्र एकाच सिलिंडरचं घेतात. मग रेशो येतो पंचविसाच्या वर. असं पेट्रोल इंजिन असत नाही. वर एक सिलिंडर, तर खालीही एकच. दुसरे काही जण Vs ला Vc ने भागून थांबतात, त्यांचं उत्तर बरोबर एकने कमी येतं.

Vs पुस्तकातून मिळतो, Vc मोजावा लागतो. हेड उतरवून, कार्बन खरवडून, टेबलावर उलटं ठेवलं. दोन्ही व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर बसवलेले. चेंबरच्या कडेला ग्रीस लावून वर ॲक्रिलिकची पट्टी दाबली. पट्टीला एक छोटं भोक, आणि भोकाची बाजू किंचित उंच ठेवली म्हणजे हवेचा बुडबुडा तिथून निघून जातो. प्रयोगशाळेतल्या ५० मिलीच्या ब्युरेटमधून रॉकेल सोडत गेलो, ते भोकाच्या तोंडाशी येईपर्यंत. तीनदा मोजलं, सरासरी ३२.० सीसी.

पण हे पूर्ण चेंबर नव्हे. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये गॅस्केट असतं आणि त्याच्या गोल भोकातली जागाही मिश्रणालाच मिळते. भोक ७० मिमी, दाबलेली जाडी १.२ मिमी, म्हणजे ०.७८५४ × ७ × ७ × ०.१२ = ४.६ सीसी. या इंजिनात पिस्टन सपाट होता आणि वर आल्यावर ब्लॉकच्या बरोबरीला येत होता, म्हणून तिथे काही मिळवायचं किंवा वजा करायचं नव्हतं. तुमच्या इंजिनात पिस्टनला खळगा असेल तर त्याचे सीसी मिळवा, उंचवटा असेल तर वजा करा.

एकूण Vc = ३६.६ सीसी. रेशो = (२७२.४ + ३६.६) ÷ ३६.६ = ८.४४.

आता मूळ किती होता? न तासलेल्या हेडशी व्हर्नियरने जाडी ताडून पाहिली : काकांचं हेड २ मिमीने पातळ. चेंबरचं तोंड आलेख कागदावर उतरवून चौकोन मोजले, ३१ चौरस सेंमी भरले. ३१ × ०.२ = ६.२ सीसी गेले होते. म्हणजे आधीचा Vc ४२.८, आणि रेशो ७.३६. सव्वासहा सीसी म्हणजे सव्वा चमचा! तेवढ्याने रेशो एका अंकाहून जास्त वर गेला.

हे लक्षात घ्या, कारण सगळा नाजूकपणा छोट्या आकड्यात आहे. Vs मध्ये एक सीसी चुकलात तर उत्तर जेमतेम हलतं. Vc मध्ये एक सीसी चुकलात तर ८.४४ चं ८.२४ होतं. म्हणून ब्युरेट वाचताना घाई नको आणि बुडबुडा तर अजिबात नको.

आमच्यासोबत आयटीआयचा एक मुलगा होता, त्याने विचारलं, "सर, कॉम्प्रेशन गेज लावलं असतं तर एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न चांगला आहे. गेज दाब दाखवतं, रेशो नाही. रिंगा झिजल्या की दाब पडतो, पण रेशो तोच राहतो, कारण तो जागेचा हिशेब आहे. काकांच्या गाडीत रिंगा थोड्या गेलेल्या, त्यामुळे गेजचं रीडिंग साधारण दिसत होतं आणि त्याने सगळेच फसले होते.

नुसता रेशो दोषी होता असंही मी म्हणणार नाही. गाडी सीएनजीवर केली तेव्हा टायमिंग पुढे घेतलं होतं, त्यानेही भर पडली. उपाय म्हणून कोणीतरी दोन गॅस्केट एकावर एक बसवायला सांगितलं. हिशेबाने रेशो ७.६ वर येतो खरा, पण दोन गॅस्केटमधून पाणी झिरपलं तर हेड पुन्हा वाकणार. काकांनी कुर्ल्याच्या भंगारातून न तासलेलं हेड आणलं. बसवण्याआधी आम्ही ते तसंच मोजलं : ३८.० सीसी, गॅस्केट धरून ४२.६, रेशो ७.३९. टायमिंग थोडं मागे घेतलं. पेट्रोलवर त्याच पुलावर, टॉप गिअरमध्ये, आवाज आला नाही. इंजिन बांधायची वेळ आली नाही.

घरी करायला एक उलटं गणित देतो. स्प्लेंडरचा बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, कॉम्प्रेशन रेशो ९.९. चेंबर किती सीसीचं? Vs आधी काढा, मग रेशोमधून एक वजा करून त्याने भागा. उत्तर १०.९ च्या आसपास यायला हवं.