शेखसाहेबांचं आडनाव कोणतं?

आमच्या उर्दू शाळेला पुस्तकं बांधून देणाऱ्या रत्नागिरीच्या एका बुजुर्ग बाइंडरचं कार्ड व्हॉट्सॲपवरून आलं, तेही स्क्रीनशॉटच्या रूपात. नंबर पाच शिक्षकांना हवा होता. प्रत्येकाने चित्र बघून आकडे टाइप करण्यापेक्षा एकच .vcf फाइल करून सर्वांना पाठवणं मला बरं वाटलं. ती फाइल दाबली की फोन विचारतो, संपर्क जतन करू का?

ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. संगणकावर नोटपॅडमध्येही लिहिता येते. त्यांचं नाव आणि नंबर इथे बदलले आहेत.

```
BEGIN:VCARD
VERSION:3.0
N:;शेख अब्दुल रहीम;;;
FN:शेख अब्दुल रहीम
TEL;TYPE=CELL:+9198XXXXXXXX
TEL;TYPE=WORK:+912352XXXXXX
NOTE:شیخ عبدالرحیم
END:VCARD
```

आधी चित्रातला मजकूर काढायचा. गुगल लेन्सने चित्रातली अक्षरं निवडून कॉपी करता येतात. इंग्रजी आणि देवनागरीत काम बरंचसं होतं. उर्दू मात्र मी हातानेच टाइप करतो, कारण नस्तालीक लिपीत अक्षरं एकमेकांवर तिरकी चढलेली असतात आणि नुक्ते इकडेतिकडे जातात. आकड्यांवर विश्वास ठेवू नये. धूसर स्क्रीनशॉटमध्ये 3 चा 8 होतो, ईमेलमध्ये 0 चा O आणि 1 चा l होतो. मोबाइल नंबर दहा आकडी आहे का आणि 6 ते 9 पैकी एकाने सुरू होतो का, एवढं पाहिलं तर गळालेला आकडा कळतो. बदललेला आकडा मात्र अशाने कळत नाही. त्यासाठी चित्र मोठं करून एकेक आकडा बोट ठेवून वाचावा लागतो. लँडलाइनला कार्डावर 02352 असं छापलेलं असतं. +91 लावलं की तो पहिला शून्य काढायचा.

आता नावाकडे वळू. N या ओळीत अर्धविरामाने वेगळे केलेले पाच कप्पे असतात: आधी आडनाव, मग पहिलं नाव, मधलं नाव, नावापुढची पदवी आणि शेवटी नावामागची. ज्यांनी हे कप्पे आखले, त्यांच्या डोळ्यासमोर आपलं नाव नव्हतं. कार्डावर "शेख अब्दुल रहीम" छापलेलं पाहून कोणी शेवटचा शब्द म्हणून "रहीम" आडनावाच्या कप्प्यात टाकतो आणि "अब्दुल" मधल्या. पण अब्दुल रहीम हे एकच नाव आहे, त्याचा अर्थ रहीमचा बंदा. नुसतं "अब्दुल" म्हणजे "चा बंदा", अर्धंच वाक्य. त्याची फोड होऊ शकत नाही. बरं, आडनावात "शेख" टाकलं, तर काही फोन FN सोडून N वरूनच नाव पुन्हा जुळवतात आणि दाखवतात "अब्दुल रहीम शेख". चूक म्हणता येणार नाही, पण कार्डावर ते स्वतःला असं लिहीत नाहीत. शिवाय यादी आडनावाने लावलेली असेल, तर ते शेखांच्या गर्दीत जाऊन बसतात. म्हणून मी आडनावाचा कप्पा रिकामाच ठेवतो आणि पूर्ण नाव दुसऱ्या कप्प्यात लिहितो, वर दिसतं तसं. मग कोणताही फोन ते उलटं करू शकत नाही.

NOTE मधला उर्दू मजकूर माझी सवय आहे. देवनागरीत "रहीम" लिहिलं की त्यातली हे छोटी आहे की बडी, कळत नाही. अब्दुलचा ऐन तर दिसतच नाही. उद्या शाळेच्या जलशाचं निमंत्रण उर्दूत लिहायचं झालं, तर साहेबांचं नाव त्यांच्याच हिज्ज्यांत हाताशी असतं.

जतन करताना नोटपॅडमध्ये "All files" निवडावं, नाहीतर फाइलचं नाव card.vcf.txt होऊन बसतं आणि फोन ती ओळखत नाही. एन्कोडिंग UTF-8 ठेवावं. ANSI ठेवलं तर शेखसाहेबांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. "UTF-8 with BOM" ही निवड टाळलेली बरी. सुरुवातीच्या अदृश्य खुणेमुळे काही ॲप BEGIN ओळखत नाहीत. पत्ता घालायचा असेल, तर त्यातल्या स्वल्पविरामाआधी उलटी तिरकी रेघ `\` द्यावी लागते.

एखाद्याच्या अँड्रॉइड फोनमधून बाहेर काढलेली फाइल उघडलीत आणि नावाच्या जागी `=E0=A4=B6` असं काही दिसलं, तर घाबरू नका. ती 1996 सालची जुनी 2.1 आवृत्ती आहे. तिच्यात देवनागरी अक्षरं अशीच लिहून ठेवतात आणि फोन ती नीट वाचतो. "श" हे एक अक्षर तीन तुकड्यांत लिहिलेलं असतं, इतकंच.

पाचही जणांना फाइल पाठवण्याआधी मी ती माझ्याच फोनवर उघडली आणि जतन न करता नाव कसं दिसतं ते पाहिलं. शेख पुढे, मग अब्दुल रहीम. कार्डावर होतं तसंच.