पहिल्या चार ओळींचं टिपण

संचालक मंडळाच्या अध्यक्षांसाठी टिपण लिहिताना मी निर्णय सगळ्यात वर ठेवतो आणि कारणं त्याच्याखाली. अध्यक्ष ते मोबाईलवर वाचतात, बहुधा ढाणकीहून उमरखेडला जाताना गाडीत, आणि पडद्यावर एका नजरेत मावेल तेवढंच. यात त्यांचा आळस नाही. हळदीच्या हंगामात त्यांना दिवसभर फोन असतात. दोन पानं वाचायला वेळ मिळेल या भरवशावर लिहिणाराच चुकतो.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी छोटी, पण एप्रिलचा प्रश्न मोठाच असतो: हळद आत्ता विकायची की ठेवायची? हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोल धरतो. समजा, सभासदांची 400 क्विंटल हळद आहे आणि भाव 12,000 रुपये क्विंटल आहे. म्हणजे 48 लाखांचा माल. मृगाच्या आधी बियाणं-खतासाठी सभासदांना 40 लाख हवेत. गोदामाच्या पावतीवर बँक मालाच्या किमतीच्या 75 टक्के कर्ज द्यायला तयार आहे, नऊ टक्के व्याजानं.

आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलानं यावर टिपण लिहून आणलं. सुरुवात उकळण्यापासून: ओल्या हळदीच्या पाच क्विंटलला वाळून साधारण एक क्विंटल उरते, मग पॉलिश, मग हिंगोली आणि वसमतच्या बाजारातली आवक, मग गोदामाचं भाडं, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी शिफारस. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त तो ज्या क्रमानं शोधत गेला, त्याच क्रमानं त्यानं सांगितलं होतं. शोधणाऱ्याला निकाल शेवटी सापडतो, पण वाचणाऱ्याला ती वाट पुन्हा पायी चालायची गरज नसते.

मी म्हटलं, शिफारस उचलून वर ने. तो घुटमळला. ‘भाऊ, कारण सांगायच्या आधीच निकाल सांगितला तर आगाऊपणा वाटेल ना? मोठी माणसं आहेत.’ ही अडचण खरी आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर आधी प्रस्तावना करायची रीत आहे. पण ज्याला सही करायची आहे त्याला दोन पानं ताटकळत ठेवणं, ही काही अदब नव्हे.

नुसता शेवटचा परिच्छेद वर आणून भागत नाही, हे त्याला लगेच कळलं. त्याचं वाक्य होतं, ‘काही हळद साठवणे हितावह ठरेल.’ हे वर नेलं तरी अध्यक्षांना काय करायचं ते कळत नाही. किती, कधी, किती पैसे, आणि फसलं तर काय, एवढं पहिल्या पडद्यात यायला हवं. शेवटी ते असं झालं:

‘400 क्विंटलपैकी निम्मी हळद या आठवड्यात विकावी, निम्मी गोदामात ठेवून पावतीवर 18 लाख कर्ज घ्यावं. पेरणीपूर्वी 42 लाख हाती येतात, गरज 40 लाखांची आहे. ठेवलेल्या हळदीला सहा महिन्यांत क्विंटलमागे 781 रुपयांहून जास्त मिळाले तरच फायदा. भाव 10,500 च्या खाली गेला तर थांबू नये, तेव्हाही तोटा सुमारे साडेचार लाखांच्या आत राहील. बँकेचा अर्ज शुक्रवारपर्यंत जावा.’

781 हा आकडा कुठून आला? 18 लाखांवर सहा महिन्यांचं व्याज 81 हजार. पन्नास किलोची 400 पोती, पोत्याला महिना दहा रुपये भाडं, म्हणजे 24 हजार. दोन टक्के वजन घटलं तर चार क्विंटल, म्हणजे 48 हजार. एकूण 1 लाख 53 हजार, भागिले उरलेले 196 क्विंटल. हा हिशेब टिपणात असतोच, पण खाली. वर फक्त त्याचं उत्तर.

आता कारणांची मांडणी, आणि माझ्या मते खरं कौशल्य इथंच आहे. बार्बरा मिंटो यांनी या पद्धतीला शिस्त दिली. त्या 1963 मध्ये मॅकिन्सी या सल्लागार कंपनीत लागल्या, पुढे लंडनमध्ये सहकाऱ्यांचे अहवाल सुधारण्याचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यातून त्यांची पिरॅमिडची मांडणी तयार झाली: वर एक उत्तर, त्याखाली त्याला धरून ठेवणारी मोजकी कारणं, प्रत्येकाखाली त्याचे पुरावे. वरची ओळ वाचताच जो प्रश्न मनात येतो, त्याचंच उत्तर खालच्या ओळीत असलं पाहिजे.

मुलानं कारणं साखळीसारखी जोडली होती: दिवाळीपर्यंत भाव वाढेल, म्हणून ठेवावी, ठेवायची तर पैसे अडकतील, म्हणून कर्ज घ्यावं. पहिल्याच कडीवर अध्यक्ष म्हणाले असते, ‘वाढेल कशावरून?’ आणि पुढचं सगळं गळून पडलं असतं. म्हणून आम्ही एकमेकांच्या आधारावर न उभी राहणारी तीन कारणं घेतली. एक, पैसा: सगळी ठेवली तर कर्ज 36 लाखच मिळतं, चार लाख कमी पडतात; निम्मी ठेवली तर पेरणी अडत नाही. दोन, माल: पुरती वाळलेली आणि पॉलिश झालेली हळद निम्मीच आहे, बाकीची ओलसर आहे, पोत्यात घातली तर बुरशी धरेल. तीन, धोका: आवकेच्या गर्दीत सगळा माल एकाच भावात देण्याऐवजी निम्म्यावर दिवाळीची संधी ठेवायची, आणि तिची किंमत व तोट्याची हद्द आधीच ठरलेली आहे. यातलं एक कारण कुणाला पटलं नाही तरी उरलेली दोन उभी राहतात. भाव वाढेलच, असं टिपणात कुठंही नाही. ते कुणाला ठाऊक असतं तर टिपण लिहायला लागलं नसतं.

तपासायची माझी रीत साधी आहे. वरून खाली येताना प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारायचं, खालून वर जाताना ‘मग काय?’ पाचाला एक उरते, मग काय? निर्णयावर काहीच फरक नाही, ओळ गेली. निम्मा माल ओलसर आहे, मग काय? तो ठेवता येत नाही. ही ओळ राहिली, आणि वर चढून कारण झाली. मुलाला त्या उकळण्याच्या परिच्छेदाचं वाईट वाटलं. चार दिवस शेतकऱ्यांच्या कढईजवळ उभं राहून त्यानं ती माहिती गोळा केली होती.

वाचणारा बदलला की शेंडाही बदलतो. हेच प्रकरण बँकेच्या व्यवस्थापकाकडे जाताना ‘निम्मी विकावी’ ही ओळ वर राहत नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो: दिलेले पैसे परत येतील का? तिथं वर येतं, ‘24 लाखांच्या मालावर 18 लाख मागतो आहोत, भाव 10,500 च्या खाली गेला तर आम्ही स्वतः माल विकून कर्ज फेडू.’ खालचे आकडे बहुतेक तेच, पण ओलसर मालाचं कारण तळाशी जातं आणि ठेवलेल्या मालाची प्रत वर येते.

सभासदांच्या बैठकीत मात्र मी हा क्रम वापरत नाही. हळद त्यांची आहे. ‘निम्मी विका’ असं पहिल्याच वाक्यात म्हटलं की समोरचे हाताची घडी घालतात, आणि मागून कुणीतरी विचारतं, हे ठरवलं कुणी? तिथं आधी प्रश्न मांडायचा, पेरणीच्या पैशांचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्यायचा, ओलसर पोती कुणाची ती त्यांनाच सांगू द्यायची. यात तास-दीड तास जातो. कधी निर्णय निम्म्याऐवजी एक तृतीयांशावर येतो, आणि मग अध्यक्षांच्या टिपणाची पहिली ओळ मला नव्या आकड्यांनी पुन्हा लिहावी लागते.